चोळीचा बेसिक ब्लॉक आणि ढील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला मी शिवणाचा छोटा क्लास घेते. श्रावण सरला की चणियाचोळीची कापडं घेऊन बायका येऊ लागतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा येतात. बहुतेक प्रश्न वरवर शिलाईचे वाटतात, पण त्यांचं मूळ एकाच ठिकाणी असतं: ढील किती ठेवली यापेक्षा ती कुठे ठेवली. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं. मापं इंचात आहेत आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

बेसिक ब्लॉक म्हणजे नेमकं काय? तो शिवून घालायचा असतो का?

नाही. ब्लॉक म्हणजे एका अंगाचा कागदी साचा. गळा गळ्याच्या मुळाशी, मुंढा काखेलगत, खाली कंबर, टक्स घातलेले आणि शिलाईचं मार्जिन अजिबात नाही. त्यावर कसली फॅशन नसते. पुढे ब्लाऊज, कुर्ता, चोळी जे काय शिवायचं असेल त्याचा कागद या साच्यावरून उतरवून घ्यायचा आणि बदल त्या नव्या कागदावर करायचे. साच्याला कात्री लावायची नाही.

मार्जिन आणि ढील एकच ना? मास्टर तर म्हणतात, "आत इंचभर ठेवलंय."

मास्टर म्हणतात ते मार्जिन. ते शिलाईच्या आत दाबलेलं कापड असतं, पुढे अंग भरलं तर उसवून सोडायला. त्याचा अंगाला आज काही उपयोग नाही. ढील म्हणजे शिवून झाल्यावर अंग आणि कापड यांच्यामध्ये राहणारी जागा. छाती ३६ आणि शिवून झालेल्या कपड्याचा घेर ३८ असेल, तर ढील २ इंच. आत प्रत्येक बाजूला इंचभर मार्जिन असलं तरी ढील तेवढीच राहते. हे दोन मिसळले की कागदावर ३८ दिसतं, शिवल्यावर ३६ उरतं, आणि श्वास घेतला की हूक ताणतात. म्हणूनच मी ब्लॉक मार्जिनशिवाय काढायला लावते. मार्जिन कापडावर खडूने वेगळं आखायचं.

मग घालायची ढील आणि डिझाइनची ढील असे दोन प्रकार कशाला?

कारण दोघींचं काम वेगळं आहे. घालायची ढील अंगासाठी: श्वास, जेवण, मांडी घालून बसणं, स्कूटरचं हँडल धरणं, केस विंचरणं. ती कमी पडली तर कपडा अंगावर टिकत नाही, मग डिझाइन कितीही छान असो. डिझाइनची ढील दिसण्यासाठी: कुर्ता सैल दिसावा, चुण्या पडाव्यात, बाही फुगावी. पहिली ब्लॉकमध्येच असते आणि माणूस तोच असेपर्यंत साधारण तीच राहते. दुसरी ब्लॉकमध्ये कधीच घालायची नाही. ती त्या त्या कपड्याच्या कागदावर घालायची, नाहीतर पुढचा घट्ट ब्लाऊज काढताना काय कमी करायचं आणि काय ठेवायचं ते कळत नाही.

क्लासमध्ये कुणी लूजिंग म्हणतं, कॉलेजमधून शिकून आलेल्या मुली ईझ म्हणतात. मला ढील बरा वाटतो, कारण पतंगाला ढील देतो तशी ही हवी तिथेच द्यायची असते.

मापं कोणती घ्यायची? ब्लाऊजवरून माप घेतलं तर चालत नाही का?

ब्लाऊजवरून घेतलेल्या मापात त्या ब्लाऊजची ढील आणि त्याच्या चुका दोन्ही येतात. ब्लॉकसाठी अंगावरच मापं घ्या, टेप ना सैल ना आवळलेला. ज्या ब्रासियरवर कपडा घालायचा, तीच घालून घ्या. कंबरेला नाडी बांधा, म्हणजे कंबर कुठे ते पक्कं होतं.

पुढे जे उदाहरण आहे त्यातली मापं अशी: छाती ३६, कंबर ३०, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत पाठ साडेपंधरा, पाठीची रुंदी म्हणजे एका काखेच्या घडीपासून दुसरीपर्यंत साडेतेरा, पुढची तशीच रुंदी साडेबारा, खांदा पावणेपाच, गळा १४. गळ्याजवळच्या खांद्यापासून टक्स पॉइंट १० इंच, दोन पॉइंटमधलं अंतर साडेसात, आणि त्याच खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंत पुढची लांबी साडेसतरा.

दोन मापं बहुतेक जणी घेत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिलं, काखेची खोली. दोन्ही काखांखालून एक पट्टी आडवी सरळ धरा आणि मानेच्या मणक्यापासून त्या पट्टीपर्यंत मोजा. इथे ते साडेसात आहे. दुसरं, छातीचा घेर पुढचा आणि मागचा वेगवेगळा. काखेखाली बाजूला टाचणी लावून पुढे १९ आणि मागे १७ मिळाले. बेरीज ३६, पण अर्धे अर्धे नाहीत. कंबरही तशीच: पुढे साडेपंधरा, मागे साडेचौदा.

कागदावर कसं आखायचं ते पायरीपायरीने सांगाल का?

मागचा अर्धा भाग आधी. खाकी कागदावर उभी रेघ मारा, ती पाठीची मधली रेघ. वरचा बिंदू मानेचा मणका. तिथून खाली साडेपंधरावर कंबर. मणक्यापासून ८ इंचांवर छातीची आडवी रेघ. अंगावर काखेची खोली साडेसात मोजली होती, त्यात अर्धा इंच ढील. बस, अर्धाच. याचं कारण पुढे येतंय.

गळ्यासाठी मधल्या रेघेपासून अडीच इंच आणि एक सूत बाहेर, पाऊण इंच वर. तो बिंदू गळ्याजवळचा खांदा. तिथून आडव्या रेघेच्या दीड इंच खाली उतरत ५ इंचांचा तिरका खांदा. खांदा पावणेपाच मोजला, पण मागे पाव इंच जास्त ठेवला आहे. शिवताना तो पुढच्या खांद्यात किंचित चोळून बसवायचा, म्हणजे पाठीच्या हाडाला जागा मिळते. पाठीच्या रुंदीचं अर्धं पावणेसात, त्यात पाव इंच ढील, म्हणजे ७ वर उभी खूण. छातीच्या रेघेवर मागचं अर्धं माप साडेआठ, त्यात पाऊण इंच ढील, म्हणजे सव्वानऊ. खांद्याच्या टोकापासून ७ च्या खुणेला टेकत सव्वानऊपर्यंत मुंढ्याची गोलाई काढा. कंबरेवर हवे साडेसात: मागचं अर्धं सव्वासात आणि पाव इंच ढील. सव्वानऊतून साडेसात गेले की पावणेदोन उरतात. त्यातला पाऊण इंच बाजूच्या शिलाईत आत घ्या, एक इंच टक्समध्ये. मागचा टक्स मधल्या रेघेपासून साडेतीनवर, टोक छातीच्या रेघेच्या इंचभर खाली.

आता पुढचा भाग. त्याच उंचीवर गळ्याजवळचा खांदा धरा, गळ्याची रुंदी तीच, खोली पावणेतीन आणि एक सूत. पुढचा आणि मागचा गळा जोडून टेप उभा धरून मोजा. अर्धा ७ पेक्षा किंचित जास्त यायला हवा. खांदा पावणेपाच, उतार पावणेदोन. पुढच्या रुंदीचं अर्धं सव्वासहा, त्यात फक्त एक सूत ढील. छातीच्या रेघेवर साडेनऊ आणि पाव, म्हणजे पावणेदहा. टक्स पॉइंट खांद्यापासून १० खाली, मध्यापासून पावणेचार.

लांबी बघा. पुढची साडेसतरा, मागची त्याच खांद्यापासून सव्वासोळा. पुढे सव्वा इंच जास्त, तो छातीच्या उंचवट्यासाठी. पण बाजूची शिलाई मागच्याइतकीच, साडेसात हवी. म्हणून जास्तीचा सव्वा इंच बाजूच्या टक्समध्ये जातो. तो काखेखाली दोन इंचांवर सुरू करा, तोंड टक्स पॉइंटकडे, टोक पॉइंटच्या इंचभर अलीकडे. कंबरेवर पुढे ८ हवे, म्हणजे पुन्हा पावणेदोन कमी: पाऊण बाजूला, एक टक्सला, टक्स पॉइंटच्या सरळ खाली.

शेवटी दोन्ही मुंढे टेप उभा धरून मोजा. तुमच्या गोलाईप्रमाणे बेरीज १७ ते साडेसतरा यायला हवी. अंगावर काख धरून फिरवलेलं माप १६ होतं, म्हणजे एक ते दीड इंच जास्त. १९ आलं तर गोलाई फार पोट काढून आखली आहे किंवा छातीची रेघ खाली गेली आहे.

छातीला एकूण २ इंच ढील, मग चारही भागांत अर्धा अर्धा का नाही?

आपण हात पुढे नेतो, मागे क्वचितच. पोळ्या लाटताना, गाडी चालवताना, बाळ उचलताना पाठ रुंद होते, छाती आत जाते. म्हणून ढील मागे जास्त लागते. या मापांत मागच्या अर्ध्या भागाला पाऊण आणि पुढच्याला पाव दिला. दोन्ही बाजू मिळून मागे दीड, पुढे अर्धा.

समजा चारही भागांत सारखा अर्धा दिला असता, तरी घेर तोच ३८ आला असता. पण पुढे अर्धा इंच कापड उगाच लटकलं असतं आणि हात पुढे केल्यावर पाठीवर आडव्या घड्या ताणल्या असत्या. अशी बाई सांगते, "पाठीत घट्ट होतं, पण छातीला ढगळ दिसतं." आणि मास्टर पुढून आत घेतात, म्हणजे पाठ आणखी ओढली जाते. घेर बरोबर असूनही कपडा चुकतो तो असा.

कंबरेला मात्र एकूण इंचभर पुरते. जेवल्यावर लागते तेवढीच जागा.

ब्लॉक बरोबर आलाय हे कसं ओळखायचं?

मांजरपाटावर कापा, धावदोऱ्याने जोडा, पुढचं मधलं टाचण्यांनी बंद करा. आधी हात खाली सोडून उभ्या राहा. बाजूच्या शिलाईजवळ चिमटीत अर्ध्या इंचाची घडी सहज यावी. घडी दुहेरी असते, म्हणजे एका बाजूला एक इंच, दोन्हीकडे मिळून दोन. तेवढीच ढील आपण दिली होती.

मग आरशात सुरकुत्या वाचा. टक्स पॉइंटपासून काखेकडे तिरक्या रेघा जात असतील तर बाजूचा टक्स कमी पडला. काखेच्या पुढे कापड सुटून उभं राहत असेल तर पुढची रुंदी जास्त. मानेखाली मागे आडवी वळकटी येत असेल तर पाठीची लांबी जास्त झाली आहे किंवा खांद्याचा उतार जास्त झाला आहे.

मग हात हलवा. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर पुढे, हँडल धरल्यासारखे. मुंढ्याच्या मागच्या कडेला थोडा ताण येईल, तो चालतो. पण शिवण कुरकुरली तर पाठीच्या रुंदीत अजून एक सूत सोडा.

"काकू, हात वर केला की चोळी वर चढते. मुंढा अजून खोल करू ना?"

नाही! यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

ही चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या भाचीची गरब्याची चोळी शिवली. काखेत आवळतं म्हणाली, म्हणून मुंढा अर्धा इंच खोल केला. पहिल्या रात्री घरी आली तर चोळीची खालची कड पार वर, आणि दंडावर बाहीचा लाल वळ. म्हणाली, "मावशी, आता काखेत आवळत नाही, पण टाळीला हात वर नेता येत नाही." मी आणखी पाव इंच खोल केला. दुसऱ्या रात्री त्याहून वाईट.

का, ते असं. हात खाली असताना काखेतून कंबरेपर्यंत कापड आहे आणि काखेतून बाहीच्या कडेपर्यंत कापड आहे. हात वर नेला की अंगाची तीच वाट लांब होते, म्हणजे बाजूची शिलाई आणि बाहीची आतली शिलाई दोन्ही ताणल्या जातात. मुंढा एक इंच खोल केला की बाजूची शिलाई एक इंच आखूड होते. बाही नव्या मुंढ्यात बसवायला तिचा डोकाही खोल करावा लागतो, म्हणजे बाहीची आतली शिलाईसुद्धा आखूड होते. जिथे लांबी हवी होती तिथूनच दोन्हीकडून कापड काढलं. मग हात वर जाताना चोळीला सोबत घेऊन जाणार, दुसरा मार्गच नाही.

काखेत आवळणं आणि हात न उठणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मुंढा खरोखर काखेत रुतत असेल, लाल खूण पडत असेल, तर तो एकदोन सूत खाली घ्या. पण हात उठत नसेल, तर उलट तो काखेजवळ वर न्यायचा.

गेल्या वर्षी अशीच एक चोळी आली होती. बाई वरच्याच मापाची, काखेची खोली साडेसात, पण चोळीचा मुंढा ९ वर. म्हणजे काखेखाली दीड इंच. हात वर केला की कड तीन बोटं वर जायची. ती चोळी दुरुस्त होण्यासारखी नव्हती, म्हणून नवीन काढली. ब्लॉक घेतला आणि नव्या कागदावर छातीची रेघ ८ वरून पावणेआठ केली, ढील फक्त पाव इंच. घेराची ढील दोनवरून दीड केली, कारण चोळी अंगाबरोबर बसायला हवी. पण कमी केलेला अर्धा इंच सगळा बाजूच्या शिलाईतून घेतला, पाठीच्या रुंदीला हात लावला नाही. मुंढा मोजला तर जेमतेम १७ आला.

बाही पण बदलली. आधीच्या बाहीचा डोका ५ इंच उंच होता. उंच डोक्याची बाही हात खाली असताना सुंदर पडते, पण वर उचलायला जड जाते. डोका ४ केला. डोका उतरला की बाही आपोआप रुंद होते, कारण गोलाई तर मुंढ्याएवढीच लागते. दंड ११ होता, काखेजवळ बाही साडेचौदाच्या आसपास झाली. हात खाली असताना काखेत थोड्या चुण्या पडतात, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. हात उठणं आणि बाही गुळगुळीत पडणं हे दोन्ही पूर्ण मिळत नाही. नऊ रात्री टाळ्या वाजवायच्या तर चुण्या बऱ्या.

आधीच शिवलेली, मुंढा खोल गेलेली चोळी वाचवायची असेल तर एकच उपाय उरतो: काखेत कळी. बाजूची शिलाई आणि बाहीची शिलाई जिथे मिळतात तिथे तीन इंच बाजूचा चौकोन उरेबवर, टोक खालीवर करून लावायचा. गेलेली लांबी तो परत देतो. जुन्या कुडत्यांत आणि अंगरख्यांत काखेत चौकोनी तुकडा असायचा, तो याचसाठी. नुसती बाजूने शिलाई सैल करून काही होत नाही. घेर वाढतो, लांबी नाही.

साडीचा ब्लाऊज तर अंगाला चिकटून असतो. त्यात घालायची ढील गेली कुठे?

काही प्रमाणात खरंच जाते. ब्लाऊज छातीखाली संपतो, त्यामुळे कंबर त्याला धरून ठेवत नाही. बसताना पोट मोकळं असतं. म्हणून छातीला ढील अर्ध्या इंचावर आणली तरी चालते, काहींना शून्यही आवडते. पण पाठीच्या रुंदीतली ढील मी तशीच ठेवते. घट्ट ब्लाऊजची काखेमागची शिवण बहुतेक वेळा पाठीच्या रुंदीतून एक-दोन सूत चोरल्यामुळे उसवते.

छातीखाली ब्लॉक अंगाला टेकत नाही हेही लक्षात ठेवा. तो टक्स पॉइंटपासून कंबरेपर्यंत सरळ उतरतो. ब्लाऊजला तिथे आत जायला हवं, म्हणून खालचा टक्स छातीखालच्या घेराचं माप घेऊन मोठा करायचा. ही ढील काढणं हे डिझाइनचं काम आहे, ब्लॉकचं नाही.

चंदेरीचा सैल कुर्ता शिवायचाय. सैलपणा बाजूने वाढवला तर झालं ना?

सगळा बाजूने वाढवला तर कापड काखेखाली लोंबतं आणि पाठ मात्र ब्लॉकइतकीच राहते. कुर्ता खालून सैल, वरून तंग असा दिसतो.

समजा छातीला एकूण घेर ४१ हवा. ब्लॉकमध्ये ३८ आहे, तर डिझाइनची ढील ३. अर्ध्या कागदाला दीड, पुढेमागे पाऊण पाऊण. प्रत्येक पाऊणमधला पाव इंच अंगात घाला: खांद्याच्या मधून खाली कंबरेपर्यंत कागद कापा आणि पाव इंच पसरा. त्याने खांदा आणि रुंदी दोन्ही वाढतात. उरलेला अर्धा बाजूला. बाजूला अर्धा इंच गेला म्हणून आता मुंढा पाव इंच खाली घेणं योग्य आहे, कारण आता कपडाच अंगापासून दूर आहे. बाहीसुद्धा काखेत तेवढीच रुंद करा. डोका थोडा उतरवा.

योकखाली चुण्या घ्यायच्या असतील तर योकच्या वर काही वाढवू नका. वर ब्लॉक, खाली ढील. ती कुठल्या रेघेपासून सुरू होते, ते आधी ठरवायचं. मगच कात्री.

चंदेरीबद्दल एक गोष्ट. तिच्यात उभा धागा रेशमी आणि निसटता असतो. घट्ट शिवलं की शिवणीजवळ धागे सरकून जाळी पडते, ती परत मिटत नाही. माहेश्वरीतही बऱ्याचदा असंच. म्हणून या कापडांत पाठीच्या रुंदीला मी ब्लॉकपेक्षा एक सूत जास्त देते आणि खाली सुती अस्तर लावते, ताण अस्तराने घ्यावा म्हणून.

गळा खोल केला की पुढे सुटतो. ढील कमी केली तरी?

ब्लॉकचा गळा गळ्याच्या मुळाशी असतो. तो खाली कापला की कड छातीच्या वरच्या पोकळ भागावर येते आणि तिथे कापडाखाली अंगच नसतं. कागदावर खोल गळा आखा, गळ्याच्या कडेपासून टक्स पॉइंटकडे पाव ते अर्ध्या इंचाची चिमूट घेऊन मिटवा, बाजूचा टक्स तेवढा उघडेल तर उघडू द्या. चणियाचोळीच्या उघड्या पाठीलाही हीच युक्ती. तिथे दोरी ओढून बसवतात ते चालतं, पण दोरीने ओढलं की खांदे मागे सरकतात.

आरशाचं काम आणि अस्तर असेल तर?

अंगाला अस्तर टेकतं, म्हणून ढील अस्तरावर मोजा. आरसे आणि भरतकामाचं कापड जाड होतं, वळत नाही. वरचं कापड अस्तरापेक्षा घेराला अर्धा इंच मोठं घ्या, नाहीतर आत आवळतं आणि वर सुरकुत्या येतात. काखेच्या कडेला दीड इंचात आरसे नकोत, हात रोज रात्री तिथेच घासतो.

जर्सीच्या कापडाला हाच ब्लॉक चालेल?

नाही. ताणणाऱ्या कापडात कपडा अंगापेक्षा लहानही असू शकतो आणि टक्सही बऱ्याचदा लागत नाहीत. त्याचा ब्लॉक वेगळा काढावा लागतो.

एकदा काढलेला ब्लॉक किती वर्षं वापरायचा?

वर्षं मोजू नका, मापं मोजा. छाती किंवा कंबर इंचभर बदलली, की नवीन. बाळंतपणानंतर तर नक्कीच, कारण तेव्हा घेर परत आला तरी टक्स पॉइंट खाली उतरलेला असतो, आणि जुन्या कागदावरचा बाजूचा टक्स चुकीच्या जागी बोट दाखवत राहतो.